भाड्याचा सूट, स्वतःचे मोजे

मनालीहून सोलंगच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना लाल, निळे, पोपटी सूट टांगलेली दुकानं सुरू होतात. दुकानांवर मोठ्या अक्षरांत क्रमांक रंगवलेले असतात. गाडीचा चालक त्यातल्या एका दुकानासमोर थांबतो आणि पुढच्या पंधरा मिनिटांत नाशिकहून किंवा कोल्हापूरहून आलेलं अख्खं कुटुंब गळ्यापासून घोट्यापर्यंत एकसंध सूट आणि पायात गमबूट घालून बाहेर पडतं. दर काय, मुलांचा वेगळा लागतो का, परत कधी द्यायचं, हे सगळं बहुतेकदा उभ्याउभ्याच ठरतं. सूट आतून ओला आहे का, बुटाच्या तळाला खाचा उरल्यात का, हे बघायला कुणाला सवड नसते, कारण समोर डोंगर पांढरा दिसत असतो आणि मुलं गाडीत बसायला तयार नसतात.

याच्या उलट काही घरांत निघण्याआधी महिनाभर खरेदी चालते. प्रत्येकाला जाड जॅकेट, प्रत्येकाला बर्फाचे बूट, प्रत्येकाला वॉटरप्रूफ पॅन्ट. सहल संपली की हे सगळं माळ्यावर जातं आणि पुढच्या वेळी खाली काढेपर्यंत मुलगी दोन मापं पुढे गेलेली असते.

भाड्याने की विकत, हा प्रश्न सगळ्या सामानाला मिळून एकदाच विचारला की असे दोन टोकांचे निर्णय होतात. तो वस्तूगणिक विचारायला हवा, आणि विचारताना दोन गोष्टी पाहायच्या: ही वस्तू अंगाला लागून आहे की बर्फाला, आणि सहलीतल्या किती तासांत ती वापरली जाणार आहे. अंगाला लागणारं स्वतःचं असावं, बर्फाला लागणारं भाड्याचं चालतं. या नियमाला एकच मोठा अपवाद आहे, तो बुटांचा. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो.

आधी तासांचा हिशोब करू. मनाली समुद्रसपाटीपासून साधारण २,००० मीटरवर आहे, सोलंग २,५०० मीटरच्या आसपास. डिसेंबर-जानेवारीत बर्फात खेळण्याचा वेळ फार तर दिवसाचे चार-पाच तास. त्यातही सकाळी दहा ते दुपारी तीन हा उन्हाचा भाग. पाच दिवसांच्या सहलीत असे दिवस दोनच असतात. म्हणजे बर्फाचा सूट अंगावर असतो तो एकूण आठ-दहा तास. उरलेला वेळ माणूस मॉल रोडवर, गाडीत, जेवणाच्या टेबलावर आणि हॉटेलच्या खोलीत असतो, आणि खरी थंडी तिथेच वाजते. सूर्य डोंगराआड गेला की तापमान भराभर उतरतं, रात्री ते शून्याखाली जातं, खोल्यांमध्ये हीटर असला तरी बाथरूम आणि जिने गारठलेले असतात. या सगळ्या तासांत भाड्याचा सूट दुकानात परत गेलेला असतो. अंगावर असतात ती थर्मल, स्वेटर, कानटोपी आणि मोजे. ज्यांचा वापर सर्वांत जास्त, त्यांच्याकडे खरेदीच्या वेळी सर्वांत कमी लक्ष जातं. ‘घरचं काहीतरी चालेल’ म्हणून ते बॅगेत सगळ्यात शेवटी टाकलं जातं.

‘घरचं काहीतरी’ का चालत नाही, याचं कारण पाण्यात आहे. कपडा स्वतः ऊब तयार करत नाही. धाग्यांमध्ये अडकून स्थिर राहिलेली हवा शरीराची ऊब धरून ठेवते. त्या हवेच्या जागी पाणी आलं की खेळ संपतो, कारण पाणी हवेपेक्षा साधारण पंचवीसपट सहजतेनं उष्णता वाहून नेतं. सुती कपडा पाणी शोषतो आणि सोडायला फार वेळ लावतो. आपल्याकडच्या हवेत हाच त्याचा गुण, घाम टिपून तो अंग थंड ठेवतो. बर्फात हाच दोष होतो. मुलं उतार चढतात, सूटच्या आत घामाघूम होतात आणि मग चहा-मॅगीच्या टपरीसमोर उभी राहिली की पाच मिनिटांत कुडकुडायला लागतात. पालकांना वाटतं, सूट पातळ आहे. सूट ठीक असतो. आतला सुती बनियन भिजलेला असतो.

म्हणून थर्मल विकत घ्यावेत आणि घेताना आतली पट्टी वाचावी. आपल्या बाजारात ‘थर्मल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच जोड्यांमध्ये सुताचं प्रमाण मोठं असतं. गावातल्या थंडीला ते पुरतात. बर्फासाठी पॉलिस्टर किंवा लोकर जास्त असलेला कपडा हवा, आणि तो अंगालगत बसणारा हवा, कारण सैल थर्मलच्या आत हवा खेळती राहते. त्यावर साधा लोकरी स्वेटर किंवा फ्लीस. लोकर बरीच ओल पोटात घेऊनही बराच वेळ ऊब देत राहते, त्यामुळे आजीनं विणलेला जुना स्वेटर नव्या चकचकीत हुडीपेक्षा जास्त कामाचा. हुडी बहुधा सुती असते. जीन्सचंही तेच: सूटच्या आत जीन्स घातली आणि कंबरेतून थोडा बर्फ आत गेला, की पुढचा दिवस वाया.

आता तो रंगीत सूट. त्याचं काम ऊब देणं हे नाहीच म्हटलं तरी चालेल. वारा अडवणं आणि ओल बाहेर ठेवणं, एवढंच त्यानं करायचं असतं. सोलंगला उन्हाच्या वेळी बर्फ ओलसर असतो, लाडू वळता येईल असा. त्यात मूल बसतं, लोळतं, घसरतं. इतक्या वापराला मोठा, सैल, थोडासा बेढब, दोन दिवसांपुरता सूट उत्तम चालतो. माप नेमकं असण्याची गरज नाही, उलट आत स्वेटर मावेल असा ढगळच बरा. तो विकत घेतला तर महाराष्ट्रात त्याचा दुसरा उपयोग जवळजवळ शून्य. भाड्याने घेण्यासाठी याहून योग्य वस्तू नाही.

पण भाड्याने घेताना तपासायचं काय? पहिली जागा बसण्याची. घसरगुंडी खेळणाऱ्यांनी आधी तिथलीच शिवण उसवलेली असते, त्यामुळे सूट उलटा धरून मागची शिवण बघावी. दुसरं, आत हात घालून अस्तर चाचपावं. हंगामात सूट संध्याकाळी परत येतो आणि सकाळी पुन्हा जातो. रात्रीत तो वाळेलच असं नाही. अस्तर गार आणि जड लागलं तर दुसरा मागावा. तिसरं, पाण्याचे चार थेंब बाहेरच्या कापडावर टाकावेत. थेंब मण्यांसारखे घरंगळले तर कापड अजून पाणी अडवतं, डाग पसरला तर बर्फ तासाभरात आत येणार. शेवटी चेन वरपासून खालपर्यंत एकदा लावून-काढून पाहावी, आणि आधीच्या फाटक्या जागांचा मोबाइलवर फोटो घ्यावा, म्हणजे परत देताना वाद होत नाही. दुकान चालकानं निवडलं असलं तरी तिथूनच घेतलं पाहिजे असं बंधन नसतं. त्याच रस्त्यावर शेजारी दुसरी दुकानं आहेत आणि तसं शांतपणे सांगितलं तर गाडी पुढे जाते.

इथे आपल्या घरातल्या एका वस्तूची आठवण करून द्यायला हवी. कोकण-घाटावरच्या पावसाळ्यासाठी घेतलेला नायलॉनचा रेनकोट, शर्ट-पॅन्ट असा दोन भागांचा, स्वेटर आणि ट्रॅकपॅन्टवर चढवला तर वारा आणि ओल दोन्ही अडवतो. ज्यांना बर्फात लोळायचं नाही, नुसतं फिरायचं आणि फोटो काढायचेत, त्यांना भाड्याच्या सूटची गरज उरत नाही. त्याला मर्यादा आहेत. स्वस्त प्लास्टिकचा रेनकोट थंडीत कडक होतो आणि घडीवर तडकतो. त्यातून घाम बाहेर जात नाही, म्हणून चढताना गळ्याची चेन उघडी ठेवावी लागते. आणि नायलॉन बर्फावरून सुसाट घसरतं. तो घालून उतारावर बसलेलं मूल पालकांच्या अंदाजापेक्षा बरंच पुढे जातं.

हातमोजे भाड्याने मिळतात, पण ते घेऊ नयेत. एक तर ते दुसऱ्याच्या घामाचे असतात, आणि बहुधा विणलेले असतात. विणलेला हातमोजा पहिल्याच बर्फाच्या गोळ्यात भिजतो. बाहेरून वॉटरप्रूफ, आतून अस्तर असलेले हातमोजे विकत घ्यावेत. लहान मुलांसाठी चार बोटं एकत्र राहतील असे, कारण बोटं एकमेकांना ऊब देतात. मुलांचे दोन जोड हवेतच, कारण एक दुपारपर्यंत ओला होणार हे ठरलेलं आहे. कानटोपी आणि मोजे यांबद्दल वेगळं सांगायला नको.

गॉगल मात्र थोडा थांबून सांगण्याचा विषय आहे. उंची १,००० मीटरनं वाढली की अतिनील किरण साधारण १० टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यातले ८० टक्क्यांपर्यंत परत वर फेकतो. म्हणजे डोळ्यांवर मारा वरून आणि खालून दोन्हीकडून होतो. टोपीची कड खालचा मारा अडवू शकत नाही. रस्त्यावर मिळणारा गॉगल गडद असतो, पण त्याच्या काचा अतिनील किरण अडवतात की नाही हे डोळ्यांना कळत नाही. न अडवणारी गडद काच साध्या डोळ्यांपेक्षा वाईट, कारण अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि किरण जास्त आत जातात. म्हणून काचेवर अतिनील संरक्षणाची स्पष्ट खूण असलेला गॉगल चष्म्याच्या दुकानातून घ्यावा. तो मे महिन्यात स्कूटरवरही उपयोगी पडतो, त्यामुळे ही खरेदी वाया जातच नाही.

आता बूट. ते एकाच वेळी अंगालाही लागतात आणि बर्फालाही, म्हणून वरचा सोपा नियम इथे अडतो. भाड्याच्या दुकानात जे मिळतं तो बहुतेकदा रबरी गमबूट असतो. त्याची जमेची बाजू एकच पण मोठी: त्यातून पाणी आत येत नाही. आपले कापडी जाळीचे स्पोर्ट्स शूज सोलंगच्या ओल्या बर्फात अर्ध्या तासात भिजतात, सह्याद्रीत कातळावर छान पकड देणारे ट्रेकिंगचे बूटही जाळीचे असतील तर त्याच गतीनं. त्या तुलनेत गमबूट बरा. पण रबराला ऊब धरता येत नाही. पाय बर्फावर ठेवला की थंडी तळातून थेट वर येते. ती अडवायला बुटाच्या आत मोजा हवा, आणि मोज्याच्या धाग्यांत हवा राहायला जागा हवी.

इथेच सगळ्यात जास्त चूक होते. थंडी आहे म्हणून माणूस तीन मोजे घालतो आणि नेहमीच्या मापाचा बूट मागतो. पाय कोंबून बसतो. मोजे दाबले जातात, त्यातली हवा निघून जाते आणि बोटांकडे जाणारं रक्तही आवळलं जातं. थंडीत शरीर आधीच हातापायांच्या टोकांचा रक्तपुरवठा आखडता घेतं, कारण त्याला पोटातले आणि छातीतले अवयव उबदार ठेवायचे असतात. त्यावर घट्ट बूट म्हणजे बोटांची दुहेरी कोंडी. तीन मोज्यांच्या घट्ट बुटापेक्षा एका जाड लोकरी मोज्याचा सैल बूट जास्त उबदार असतो. म्हणून जाड मोजा दुकानात घालूनच बूट मापावा, नेहमीपेक्षा एक माप वरचा मागावा, उभं राहून पाय पुढे सरकवावा आणि टाचेमागे एक बोट जातं का ते पाहावं. बोटं आत हलवता आली पाहिजेत. मग दुकानाच्या पायऱ्या उतरून बघाव्यात. उतरताना अंगठा पुढे आपटत असेल तर बर्फाच्या उतारावर तो दिवसभर आपटणार.

बूट आत हात घालून तपासावा, कारण ओल डोळ्यांना दिसत नाही. आदल्या दिवशी कुणाच्या तरी बुटात बर्फ गेला, तो वितळला आणि रबराला ती ओल बाहेर सोडायला वाट नाही. त्या ओलीबरोबर पायांच्या बोटांमधल्या बुरशीचा संसर्गही येऊ शकतो. उपाय साधा आहे. स्वतःचे कोरडे मोजे घालावेत, त्यावर भाजीची पातळ प्लास्टिकची पिशवी पायात चढवावी आणि मग बूट. बुटाची ओल मोज्यापर्यंत येत नाही. पिशवीच्या आत घाम साठतो, त्यामुळे दुपारी मोजे बदलायचे. बॅगेत दुसरा जोड त्यासाठी.

मग तळ. बूट उलटा करून खाचा बघाव्यात. हंगामभर रस्त्यावर घासलेल्या गमबुटाचा तळ गुळगुळीत होतो, आणि भुसभुशीत बर्फात ते जाणवतही नाही. जाणवतं ते पार्किंगजवळ, जिथे शेकडो पायांनी तुडवून बर्फाचा टणक, काचेसारखा थर झालेला असतो. बर्फाच्या सहलीत मोडलेली मनगटं बहुधा अशाच सपाट जागी मोडतात, उंच उतारावर नाही. तळ पुढच्या बाजूनं वाकवून पाहिला तर भेगाही दिसतात. भेग असलेला गमबूट पाणी अडवतो हा समज तिथेच संपतो.

यावरून बूट कुणासाठी विकत घ्यायचे हे ठरतं. धडधाकट मोठ्या माणसाला आणि दहा-बारा वर्षांच्या मुलाला, नीट तपासून घेतलेला भाड्याचा गमबूट दोन दिवसांसाठी पुरतो. घरातल्या ज्येष्ठांना तो देऊ नये. साठीनंतर पडण्याची किंमत फार मोठी असते. आजीनं सहलीत जास्त चालावं अशी अपेक्षा नसली, तरी गाडीतून उतरून टपरीपर्यंतची पंचवीस पावलंच धोक्याची. त्यांच्यासाठी खोल खाचांचे, घोट्याच्या वर येणारे, आत अस्तर असलेले बूट विकत घ्यावेत आणि जाण्याआधी आठवडाभर घरात घालायला लावावेत. बुटांवर चढवायची खिळ्यांची रबरी पट्टीही मिळते. टणक बर्फावर ती खूप आधार देते, फक्त हॉटेलच्या फरशीवर येताच काढावी लागते. ज्यांना मधुमेह आहे त्यांच्याबाबत तर मी दुसरा विचारच करणार नाही. पायाची संवेदना कमी झालेली असेल तर बूट चावतोय, मोजा ओला झालाय, बोटं बधिर होतायत, यातलं काहीच वेळेवर कळत नाही. त्यांच्या पायात परका बूट नको.

दुसरं टोक तीन-चार वर्षांच्या मुलांचं. मुलं वाढतात म्हणून त्यांना भाड्याचंच घ्यावं, हे ऐकायला पटतं. प्रत्यक्षात इतक्या लहान मापांचे बूट दुकानात कमी असतात आणि हाती लागतो तो दोन मापं मोठा. मूल त्यात चालू शकत नाही, पाय बाहेर येतो, मोजा बर्फात पडतो. शिवाय लहान शरीराचं वजन कमी आणि त्या मानानं त्वचेचा विस्तार जास्त, त्यामुळे ते मोठ्यांपेक्षा लवकर गार होतं, आणि सांगू शकत नाही. थंडी वाजतेय म्हणून कुरकुरणारं मूल अचानक गप्प झालं, तर ते रमलं असं समजू नये. हातमोजा काढून बोटं बघावीत. पांढरी, मेणचट आणि बधिर वाटली तर ताबडतोब आडोशाला न्यावं, ओलं काढावं आणि ती बोटं आपल्या काखेत धरावीत. चोळू नयेत, बर्फानं तर नाहीच, शेकोटीजवळही धरू नयेत. बधिर कातडीला भाजल्याचं कळत नाही. म्हणून लहानग्याचे बूट विकत घ्यावेत, नाहीतर ज्या नातेवाइकांचं मूल नुकतंच त्या मापातून बाहेर पडलंय त्यांच्याकडून मागून घ्यावेत. मुलांच्या बर्फाच्या बुटांचं आयुष्य मापानं संपतं, झिजून नव्हे. त्यामुळे मागून आणलेला जोड बहुधा नव्यासारखाच असतो.

आता आकडे मांडून बघू. दर हंगामाप्रमाणे बदलतात, म्हणून हे फक्त हिशोबाच्या सोयीसाठी धरलेले आकडे समजावेत. आई, बाबा, ११ वर्षांची मुलगी, ४ वर्षांचा मुलगा आणि ६६ वर्षांची आजी. एक दिवस सोलंग, एक दिवस अटल बोगद्यातून पलीकडे लाहौलमधलं सिस्सू. सूट आणि गमबूट मिळून मोठ्यांना दिवसाला ३०० रुपये, मुलांना २००. सगळं भाड्याने घेतलं तर दिवसाचे १,३०० आणि दोन दिवसांचे २,६०० रुपये.

हेच सगळं विकत घ्यायचं ठरवलं, तर मोठ्या माणसाचं जॅकेट २,५००, वॉटरप्रूफ पॅन्ट १,५००, बूट २,५०० म्हणजे ६,५०० रुपये. तीन मोठ्यांचे १९,५००. मुलांचे प्रत्येकी ४,००० धरले तर एकूण २७,५००. याला दिवसाच्या भाड्यानं भागलं तर २१ येतात. म्हणजे २१ दिवस बर्फात गेल्याशिवाय खरेदी वसूल होत नाही. दर सहलीत दोन बर्फाचे दिवस धरले तर दहापेक्षा जास्त सहली. तोवर मुलगा मिशा फुटण्याच्या वयात पोचलेला असेल. सगळं विकत घेण्याची कल्पना इथेच सोडून द्यावी.

मधला मार्ग असा. आजी आणि मुलगा यांचे बूट विकत: २,५०० आणि १,२००, मिळून ३,७००. आई-बाबांचे सूट-गमबूट दोन दिवसांचे १,२०० भाडं, मुलीचे ४००, मुलाचा नुसता सूट दोन दिवसांचा ३००. आजीला लोळायचं नाही. तिला घरचा स्वेटर, त्यावर रेनकोट आणि शाल पुरे. भाडं झालं १,९००, सगळं मिळून ५,६००. निव्वळ भाड्यापेक्षा हे ३,००० रुपयांनी जास्त आहे. ते तीन हजार आजीच्या पावलांसाठी आणि मुलाच्या बोटांसाठी आहेत, आणि मला ते अजिबात जास्त वाटत नाहीत.

पण खरा आकडा वेगळाच आहे. दोन्ही पर्यायांत जे विकत घ्यावंच लागतं ते मांडा: पाच थर्मल जोड सरासरी ६०० नं ३,०००, प्रत्येकी दोन असे लोकरी मोज्यांचे दहा जोड २,०००, हातमोज्यांचे मुलांच्या जादा जोडांसह सात जोड ५०० नं ३,५००, कानटोप्या १,०००. साडेनऊ हजार झाले, गॉगल अजून वेगळे. ही रक्कम भाड्याच्या तिपटीहून जास्त आहे. तरीही घासाघीस होते ती सूटच्या पन्नास रुपयांवर, आणि मोजे मात्र शाळेचे सुती नेले जातात. बजेट तुटपुंजं असेल तर कपात सूटमध्ये करावी, एक दिवस बर्फ कमी करावा, पण थर्मल-मोज्यांत करू नये. यातलं बरंचसं पुढे पाचगणीच्या डिसेंबरात, रात्रीच्या एसटीत, नाशिकच्या थंडीत वापरलंही जातं.

भाड्याच्या बाजूनं आणखी एक गोष्ट बोलते, ती म्हणजे बर्फ पडेलच याची खात्री कुणी देऊ शकत नाही. २०२४ च्या जानेवारीत, पर्यटनाच्या ऐन भरात, गुलमर्गचे उतार तपकिरी होते. बर्फ महिना संपता संपता आला. डिसेंबरच्या सुट्टीत सोलंगही कधी कधी कोरडं असतं आणि बर्फासाठी बोगदा ओलांडावा लागतो. भाड्याचा सूट बर्फ डोळ्यांना दिसल्यावर घेता येतो. विकत घेतलेला माळ्यावर जातो तो न उघडताच.

आपल्याकडची बरीच कुटुंबं मात्र मे महिन्यात जातात, आणि तेव्हा हिशोब बदलतो. बर्फ उरलेला असतो तो रोहतांगसारख्या उंच खिंडींत, जवळपास ४,००० मीटरवर. उंचीच्या दर १,००० मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणून मनालीत अर्ध्या बाह्यांत फिरणाऱ्याला वर बारा-तेरा अंश कमी लागतात. पण ऊन कडक असतं आणि बर्फ पाणावलेला. तेव्हा जाड सूटमध्ये माणूस उकडतो. गमबूट, रेनकोटची पॅन्ट, स्वेटर आणि चांगला गॉगल एवढ्यावर मे महिन्यातला दिवस नीट पार पडतो.

पुण्या-मुंबईत ट्रेकिंगचं सामान भाड्याने देणारी दुकानं आहेत, त्यांचाही विचार करावा. भाडं प्रवासाच्या दिवसांचंही लागतं, अनामत ठेवावी लागते, आणि विमानाच्या १५ किलोंच्या सामानात जाड जॅकेट जागा खातं. तरी ज्यांना मनालीत उतरल्याउतरल्या, संध्याकाळच्या थंडीतही चांगलं जॅकेट हवंय, त्यांना हे सोयीचं: सामान घरी घालून बघता येतं, धुतलेलं मिळतं आणि पाच-सहा दिवस अंगावर राहतं. आई-बाबांसाठी जॅकेट असं इथून आणि पॅन्ट-बूट तिथून, ही जोडणी मला फार व्यवहार्य वाटते. स्कीइंग करायचं असेल तर पाट्या, काठ्या आणि त्यांचे कडक बूट तिथेच भाड्याने घ्यावेत, त्यात दुसरा पर्याय धरूच नये. तो बूट मात्र गमबुटासारखा सैल न घेता एका मोज्यावर घट्ट घ्यावा, आणि पाटीची पकड आपल्या वजनाला जुळवून द्यायला सांगावी, म्हणजे पडल्यावर पाटी सुटते आणि पाय पिरगळण्याचा धोका कमी होतो.

संध्याकाळी हॉटेलवर आल्यावर विकत घेतलेल्या बुटांचे आतले तळवे काढून वेगळे ठेवावेत आणि बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत, दोन तासांनी बदलावेत. बूट हीटरला टेकवून ठेवू नयेत. बाहेरचं कातडं तडकतं आणि तळाचा डिंक सुटतो. हातमोजे उलटे करून टॉवेलात पिळून टांगावेत. घरी आल्यावर पूर्ण वाळल्याशिवाय माळ्यावर काहीच टाकू नये, आपल्या पावसाळ्यात बंद पिशवीतल्या ओलीला बुरशी धरायला एक महिना पुरतो. आणि पुढच्या वर्षी गुलमर्ग किंवा औली ठरलं, तर पहिली नवी खरेदी आई-बाबांच्या बुटांची करावी, दुसरी जॅकेटची. सूट तेव्हाही भाड्याचाच घ्यावा.